घड्याळाविना आधी-नंतर

१९७५च्या जानेवारीत रॉबर्ट थॉमस आणि पॉल जॉन्सन या दोन अमेरिकी संगणकतज्ज्ञांनी एक टिपण प्रसिद्ध केलं. आजचं इंटरनेट तेव्हा नव्हतं. होतं ते आर्पानेट, म्हणजे विद्यापीठं आणि संशोधन संस्थांमधले मोजके संगणक जोडणारं जाळं. एकाच माहितीच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणच्या संगणकांवर ठेवल्या तर त्या एकमेकींशी जुळत्या कशा राखायच्या, हा त्या दोघांपुढचा प्रश्न होता. प्रती ठेवण्यामागचं कारण सोपं आहे. एक संगणक बंद पडला तरी दुसरीकडून माहिती मिळावी, आणि जवळ प्रत असेल तर ती लवकर मिळावी. पण दोन ठिकाणच्या माणसांनी एकाच नोंदीत दोन वेगळे बदल केले, तर खरा कोणता धरायचा? थॉमस आणि जॉन्सन यांनी सुचवलेली तोड अशी होती की प्रत्येक बदलावर वेळेचा शिक्का मारायचा आणि सोबत तो बदल जिथे झाला त्या संगणकाची ओळख लिहायची. दोन बदल समोरासमोर आले की ज्याच्यावरची वेळ नंतरची, तो ठेवायचा. वेळ तंतोतंत सारखी निघालीच, तर संगणकांचा आपसात आधी ठरवून ठेवलेला क्रम पाहायचा.

हे टिपण लेस्ली लॅम्पोर्ट यांच्या हाती पडलं. लॅम्पोर्ट मूळचे गणिताचे, आणि आइन्स्टाइनच्या विशेष सापेक्षता सिद्धांताची त्यांची समज पक्की होती. त्यांच्या लक्षात आलं की ही पद्धत बहुतेक वेळा बरोबर चालेल, पण कधी कधी ती कार्य आधी आणि कारण नंतर असा उलटा क्रम लावेल. यातून जुलै १९७८ मध्ये त्यांचा आठ पानांचा एक लेख प्रसिद्ध झाला. संगणकांच्या जाळ्यात कोणती घटना आधी आणि कोणती नंतर हे कसं ठरवायचं, याचा विचार आजही त्या लेखापासून सुरू होतो.

आधी तो उलटा क्रम कसा लागतो ते पाहू. तीन संगणक धरा, क, ख आणि ग. तिन्हींवर एका कार्यालयाच्या खातेदारांच्या यादीची एकेक प्रत आहे. कच्या घड्याळात काहीतरी बिघाड आहे आणि ते पाच सेकंद पुढे चालतंय. खचं घड्याळ अगदी बरोबर आहे. खऱ्या वेळेनुसार दहाच्या ठोक्याला कवर बसलेल्या कारकुनानं एका खातेदाराचा नवा पत्ता भरला. त्या नोंदीवर शिक्का पडला १०:००:०५. नोंद खकडे पोचली. तिथल्या माणसानं ती वाचली, पिनकोड चुकल्याचं त्याला दिसलं, त्यानं तो दुरुस्त केला. तेव्हा दहा वाजून तीन सेकंद झाले होते, म्हणून दुरुस्तीवर शिक्का पडला १०:००:०३. आता ही दुरुस्ती क आणि गकडे जाते. ते दोघं नियमाप्रमाणे तुलना करतात. हातातल्या नोंदीवर पाचवा सेकंद आहे, आलेल्या दुरुस्तीवर तिसरा. दुरुस्ती जुनी ठरते आणि टाकून दिली जाते. ख स्वतःही तोच नियम लावतो, तेव्हा आपल्याच माणसानं आत्ता केलेली दुरुस्ती तो मागे सारतो आणि चुकीचा पिनकोड कायम ठेवतो.

यात सर्वांत वाईट गोष्ट अशी की कुठेही काही बिघडल्याचं दिसत नाही. तिन्ही प्रती एकमेकींशी जुळलेल्या आहेत, कोणत्याही संगणकानं चूक नोंदवलेली नाही, कार्यक्रम बंद पडलेला नाही. फक्त एका माणसाचं काम नाहीसं झालंय. आज जे डेटाबेस ‘शेवटचा बदल खरा’ या नियमावर चालतात आणि ‘शेवटचा’ हे सर्व्हरच्या घड्याळावरून ठरवतात, त्यांच्यातही हे होऊ शकतं. ते ओळखायचं तर सगळ्या सर्व्हरांचे लॉग एकत्र करून वेळेनुसार लावून पाहावे लागतात. त्यात अशा दोन ओळी लागोपाठ सापडल्या, तर समजावं की घड्याळं जुळत नाहीत:

```
10:00:01.120  kha  RECV  update=771  from=ka
10:00:05.004  ka   SEND  update=771  to=kha
```

७७१ क्रमांकाचा निरोप खला मिळाला, आणि जवळपास चार सेकंदांनी कनं तो पाठवला, असं हे लॉग सांगतायत. असं घडणं अशक्य आहे. ते अशक्य आहे हे आपण घड्याळ न बघताच सांगू शकलो, कारण निरोप पाठवल्याशिवाय मिळत नाही. लॅम्पोर्ट यांची सगळी मांडणी या एका खात्रीवर उभी आहे.

कोणी म्हणेल, मग सगळी घड्याळं नीट लावा की. ती लावली जातातच. संगणकाचं घड्याळ क्वार्ट्झच्या स्फटिकाच्या कंपनांवर चालतं. स्फटिक तापला-निवला की कंपनांचा वेग किंचित बदलतो, आणि साध्या यंत्रात दिवसाला एक-दोन सेकंदांचा फरक पडणं नवलाचं नाही. म्हणून संगणक अधूनमधून जाळ्यावरच्या एखाद्या खात्रीच्या घड्याळाला वेळ विचारतो. पण उत्तर यायला वेळ लागतो, आणि उत्तर हातात पडेपर्यंत ते शिळं झालेलं असतं. संगणक जाण्यायेण्याला लागलेला एकूण वेळ मोजतो, त्याचा निम्मा उत्तरात मिळवतो आणि आपलं घड्याळ लावतो. जायला जितका वेळ लागला तितकाच यायलाही लागला, हे यात गृहीत धरलेलं आहे. वाटेत एका बाजूला गर्दी असेल, तर हे गृहीतक चुकतं आणि ते चुकल्याचं संगणकाला कळायला काही मार्ग नसतो. सार्वजनिक इंटरनेटवर या पद्धतीनं काही मिलिसेकंदांपर्यंतची अचूकता मिळते. माणसाला ती पुरते. पण एका मिलिसेकंदात प्रोसेसर लाखो सूचना पार पाडतो, त्याच्या हिशेबात हे अंतर मोठं आहे. शिवाय पुढे गेलेलं घड्याळ जागेवर आणताना कधी ते चक्क मागे सरकवलं जातं. मग एकाच संगणकावर आधी झालेल्या कामावर नंतरची वेळ आणि नंतर झालेल्या कामावर आधीची वेळ पडते.

लॅम्पोर्ट यांनी प्रश्नच बदलला. ‘केव्हा घडलं’ हे बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, कोणत्या घटनेचा परिणाम कोणत्या घटनेवर होऊ शकला असता? घरातल्या पेटीत कुणाचीतरी जुनी पत्रं सापडावीत आणि एकावरही तारीख नसावी, तरी ज्या पत्रात दुसऱ्या पत्राचं उत्तर आहे ते नंतरचंच, हे आपण ठामपणे सांगतो. संगणकांच्या बाबतीत हेच त्यांनी काटेकोर केलं. एकाच संगणकावर एकामागून एक घडलेल्या घटनांमध्ये पहिली आधीची, दुसरी नंतरची. निरोप पाठवण्याची घटना तो मिळण्याच्या घटनेच्या आधीची. आणि पहिली घटना दुसरीच्या आधी, दुसरी तिसरीच्या आधी असेल, तर पहिली तिसरीच्याही आधी. एवढंच. या साखळीनं ज्या दोन घटना जोडता येतात, त्यांच्यात आधी-नंतर आहे. ज्या जोडता येत नाहीत, त्यांच्यात ते नाही. अशा घटनांना त्यांनी समांतर म्हटलं.

‘नाही’ हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा आहे, आणि मला वाटतं याच ठिकाणी वाचकानं क्षणभर थांबावं. दोन समांतर घटनांपैकी कोणतीतरी एक आधी झालीच असेल, आपल्याला फक्त माहीत नाही, असं आपलं मन सांगत राहतं. पण बोस्टन आणि लॉस एंजलिस यांच्यात साधारण ४,२०० किलोमीटर अंतर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे अगदी सरळ रेषेत तंतू टाकला तरी बोस्टनहून निघालेला संकेत लॉस एंजलिसला पोचायला किमान २१ मिलिसेकंद लागणार. बोस्टनच्या संगणकावर एक घटना घडली आणि पाच मिलिसेकंदांनी लॉस एंजलिसच्या संगणकावर दुसरी, तर त्या तंतूवरून पहिलीचा दुसरीवर परिणाम होणं शक्यच नव्हतं. जाळ्यातल्या कोणत्याही संगणकाला या दोहोंत फरक करता येणार नाही, आणि करण्याची गरजही नाही. सापेक्षता सिद्धांतातही असंच आहे. प्रकाशाच्या वेगानं जाणारा संकेत ज्या दोन घटनांना जोडू शकत नाही, त्यांचा क्रम बघणाऱ्यागणिक बदलू शकतो. लॅम्पोर्ट यांनी यात एक फरक केला आणि तो आपल्या लेखात स्पष्ट लिहिला. भौतिकशास्त्र विचारतं की संकेत जाऊ शकला असता का, ते विचारतात की निरोप प्रत्यक्षात गेला का. संगणकाला जो निरोप मिळालाच नाही, त्याचा त्याच्या वागण्यावर परिणाम कसा होणार?

आता या आधी-नंतरला आकडे द्यायचे. प्रत्येक संगणक एक साधा मोजक ठेवतो. त्याचा सेकंदांशी काही संबंध नाही. स्वतःकडे काहीही घडलं की त्यात एक मिळवायचा. निरोप पाठवताना त्यावर मोजकातला आकडा लिहायचा. निरोप मिळाला की आपला आकडा आणि निरोपावरचा आकडा यांतला मोठा घ्यायचा आणि त्यात एक मिळवायचा. कार्यक्रमात हे इतकंच दिसतं:

```python
c = 0

def event():
    global c
    c += 1
    return c              # the number written on outgoing messages

def receive(t):
    global c
    c = max(c, t) + 1
```

हाच लॅम्पोर्टचा तार्किक घड्याळाचा नियम. तो वापरून पिनकोडची गोष्ट पुन्हा चालवून पाहू. कचा मोजक ४० वर आहे, खचा १२ वर. ककडे नवा पत्ता भरला गेला, मोजक ४१ झाला आणि नोंदीवर ४१ पडलं. नोंद खला मिळाली. खनं १२ आणि ४१ यांतला मोठा घेतला, एक मिळवला आणि तो थेट ४२ वर आला. मग त्या माणसानं पिनकोड दुरुस्त केला, दुरुस्तीवर पडलं ४३. आता क आणि गकडे तुलना होईल तेव्हा ४३ हे ४१पेक्षा मोठं आहे, दुरुस्ती टिकते. खचा आकडा मुळात कितीही मागे असता, तरी निकाल हाच लागला असता. कारण दुरुस्ती करण्यासाठी त्या माणसाला नोंद आधी बघावी लागली, आणि नोंद आली तीच आपला आकडा घेऊन. जे ज्ञान घेऊन माणूस पुढचं काम करतो, त्याच्याबरोबर आकडाही प्रवास करतो. मागे असलेल्या संगणकाला पुढे ओढण्याचं काम कुठल्याही मध्यवर्ती घड्याळाला करावं लागत नाही, रोजचे निरोपच ते करतात.

दोन वेगळ्या संगणकांवरच्या घटनांना एकच आकडा येऊ शकतो. तिथे थॉमस आणि जॉन्सन यांची तोड कामाला येते. आकडा सारखा असेल तर संगणकांच्या ठरलेल्या क्रमानं, म्हणजे क आधी, मग ख, मग ग. आता जाळ्यातल्या एकूणएक घटना एका सरळ रांगेत उभ्या करता येतात, आणि कोणत्याही संगणकानं लावली तरी रांग तीच येते. जिथे कार्यकारणाचा धागा आहे तिथे रांग त्याला धरून असते. जिथे धागा नाही तिथे रांगेतला क्रम मनमानी असतो, पण सगळ्यांकडे सारखाच असतो. हा सारखेपणा पुष्कळ वेळा पुरतो.

तो कसा पुरतो हे दाखवायला लॅम्पोर्ट यांनी त्याच लेखात एक उदाहरण सोडवलं. एक गोष्ट आहे, समजा एक सामायिक फाइल, आणि ती एका वेळी एकाच संगणकानं वापरायची आहे. वाटप करणारा कोणी मुकादम नाही. ज्याला फाइल हवी त्यानं सगळ्यांना मागणी पाठवायची, मागणीवर आपला आकडा लिहायचा. प्रत्येक संगणक आपल्याकडे मागण्यांची यादी ठेवतो आणि मागणी आली की पोच देतो. काम झालं की ‘मोकळी केली’ असं सगळ्यांना कळवायचं, म्हणजे ती मागणी सगळे खोडतात. फाइल घेण्यासाठी दोन अटी आहेत. आपली मागणी आपल्या यादीत पहिली असली पाहिजे, आणि इतर प्रत्येकाकडून आपल्या मागणीपेक्षा नंतरचा शिक्का असलेला काहीतरी निरोप मिळालेला असला पाहिजे. दोन संगणकांमधले निरोप ज्या क्रमानं पाठवले त्याच क्रमानं पोचतात, एवढं मात्र इथे धरून चाललेलं आहे.

समजा, क आणि ग या दोघांनी एकमेकांची खबर नसताना मागणी केली, आणि योगायोगानं दोघांचाही आकडा ५ निघाला. खकडे गची मागणी आधी पोचली. त्याचा मोजक २ वर होता, तो ६ झाला. त्यानं यादीत (५, ग) लिहिलं आणि ७ आकड्याची पोच पाठवली. मग कची मागणी आली. मोजक ८ झाला, कला ९ आकड्याची पोच गेली, आणि यादीत (५, क) हे (५, ग)च्या वर बसलं. गची मागणी खला आधी मिळाली होती, याचा इथे काही उपयोग नाही. गकडे कची मागणी आली, तेव्हा त्याला दिसलं की बरोबरीत क वरचढ आहे; त्यानं मोजक ६ करून ७ आकड्याची पोच दिली आणि तो थांबला. कनंही गच्या मागणीची पोच दिली. आता कच्या हातात खकडून ९ आणि गकडून ७ आलेले आहेत, दोन्ही ५पेक्षा मोठे. निरोप क्रमानं पोचत असल्यामुळे या दोघांकडून ५पेक्षा लहान आकड्याची मागणी मागाहून येणं आता शक्य नाही. क निर्धास्तपणे फाइल घेतो. त्याचं काम झालं आणि मोकळी केल्याचा निरोप गला मिळाला की गची मागणी पहिली होते. संगणक तीन असल्यानं एका मागणीमागे दोन मागणीचे, दोन पोचेचे आणि दोन मोकळं केल्याचे असे सहा निरोप लागले. कुणीही कुणाला किती वाजले हे विचारलं नाही.

पण या पद्धतीतली एक गोष्ट ताबडतोब टोचते. ख मधूनच बंद पडला तर? त्याची पोच येणार नाही, दुसरी अट पुरी होणार नाही, आणि क व ग दोघंही वाट पाहत बसतील. खला स्वतःला फाइल नको होती, तरी तो बंद पडल्यानं सगळं अडलं. लॅम्पोर्ट यांनी ही मर्यादा लेखातच मान्य केली, आणि तिचं कारणही सांगितलं. खरी वेळ मोजणारं घड्याळच नसेल, तर बंद पडलेला संगणक आणि नुसता रेंगाळलेला संगणक यांत फरक करता येत नाही. ‘दहा सेकंद उत्तर नाही म्हणजे गेला’ असं म्हणायला दहा सेकंद मोजावे लागतात. काही संगणक बंद पडले तरी उरलेल्यांनी एकमतानं पुढे जावं, यासाठीची पॅक्सॉस ही पद्धत लॅम्पोर्ट यांनीच पुढे मांडली, पण तो लेख छापून यायला १९९८ साल उजाडलं. त्या मार्गाची सुरुवात या सहा निरोपांत आहे. सगळ्या प्रती एकाच आरंभापासून निघाल्या आणि तेच हुकूम त्याच क्रमानं पाळत गेल्या, तर त्या एकाच स्थितीला पोचतील, ही कल्पना या फाइलच्या उदाहरणापाठीमागे होती. घड्याळाच्या नियमापेक्षा ही कल्पना जास्त दूरवर गेली असं मला वाटतं. २०१३ सालचा ट्युरिंग पुरस्कार लॅम्पोर्ट यांना मिळाला, त्यात या सगळ्या कामाचा वाटा होता.

आकड्यांचीही एक मर्यादा आहे आणि ती वारंवार विसरली जाते. एक घटना दुसरीच्या आधीची असेल, तर तिचा आकडा लहान असणारच. उलट मात्र खरं नाही. आकडा लहान आहे म्हणून ती घटना आधीची आहे, असं म्हणता येत नाही. आपल्याच उदाहरणात, गचा मोजक ७ वर असताना त्याच्यासमोर बसलेल्या कुणी त्याच खातेदाराचा पत्ता स्वतंत्रपणे बदलला असता, तर त्या बदलावर ८ पडलं असतं. ४३पुढे ८ हरतं. पण ८ आकड्याचा बदल ४३ आकड्याच्या आधी झाला, असा याचा अर्थ नाही. तो कदाचित खूप नंतर, दुपारी झालेला असेल. ग सकाळपासून कुणाशी फारसं बोललेला नाही, एवढंच ८ हा आकडा सांगतो. तिथल्या माणसाचा बदल नाहीसा होईल, आणि दोन माणसांच्या बदलांत टक्कर झाली होती हेही कुणाला कळणार नाही.

टक्कर झाली हे कळायला हवं असेल, तर एक आकडा पुरत नाही. १९८८ साली कॉलिन फिज आणि फ्रीडमान मॅटर्न यांनी स्वतंत्रपणे सुचवलं की प्रत्येक संगणकानं सगळ्या संगणकांचे आकडे बाळगावेत, म्हणजे ‘कचं मला ४१पर्यंत माहीत आहे, खचं १२पर्यंत, गचं शून्य’ अशी पूर्ण पंक्ती. दोन पंक्ती समोरासमोर ठेवल्या आणि एकीतला प्रत्येक आकडा दुसरीतल्यापेक्षा मोठा किंवा बरोबरीचा निघाला, तर ती नंतरची. काही इकडे मोठे, काही तिकडे मोठे असं असेल, तर त्या समांतर, म्हणजे टक्कर. अॅमेझॉननं २००७ साली जाहीर केलेल्या डायनॅमो या यंत्रणेत अशा पंक्ती होत्या. ग्राहकाच्या खरेदीच्या यादीचे दोन समांतर अवतार सापडले की ती दोन्ही जपून ठेवायची आणि पुढे एकत्र करायची. संगणक वाढतील तशी पंक्ती लांबते, हा त्याचा खर्च.

आणि शेवटी एक अडचण अशी आहे की ती कोणत्याही मोजकानं सुटत नाही. ती लॅम्पोर्ट यांनीच दाखवली. एका माणसानं आपल्या संगणकावर एक मागणी नोंदवली, मग दुसऱ्या शहरातल्या मित्राला फोन केला आणि ‘आता तूही नोंदव’ असं सांगितलं. मित्राची मागणी खरोखर नंतरची आहे, पहिलीमुळेच ती झालीय. पण त्यांचं बोलणं जाळ्याच्या बाहेर झालं, फोनवरून मोजकाचा आकडा गेला नाही. मित्राचा संगणक मागे असेल तर त्याची मागणी रांगेत पुढे लागेल. यावर दोनच इलाज आहेत. माणसानं आपला आकडा मित्राला फोनवर सांगावा आणि त्यानं तो हातानं भरावा. नाहीतर खऱ्या घड्याळांकडे परत जावं आणि त्यांच्यातला फरक अशा मर्यादेत ठेवावा की फोन लागेपर्यंत तो ओलांडला जाणार नाही. लेखाच्या उत्तरार्धात लॅम्पोर्ट यांनी ही मर्यादा किती असावी याचं गणित करून दिलं होतं, मात्र लोकांना लेख आठवतो तो पूर्वार्धासाठी.

गूगलनं २०१२ साली स्पॅनर या आपल्या डेटाबेसची रचना जाहीर केली, तेव्हा हा दुसरा इलाज प्रत्यक्षात मोठ्या प्रमाणावर केलेला दिसला. त्यांच्या केंद्रांमध्ये जीपीएसचे ग्राहक आणि अणुघड्याळं बसवलेली आहेत. तिथला संगणक वेळ विचारल्यावर एक आकडा देत नाही; खरी वेळ या दोन क्षणांच्या दरम्यान नक्की आहे, असा पट्टा देतो. त्या वेळी या पट्ट्याची अनिश्चितता बहुधा एक ते सात मिलिसेकंद असे. एखादा व्यवहार पक्का करताना स्पॅनर त्याला शिक्का देतो, आणि तो क्षण सर्वत्र निश्चितपणे उलटून जाईपर्यंत व्यवहार झाल्याचं कुणालाही कळवत नाही. मग फोनवर बोलणारे दोघं कितीही घाईत असले, तरी दुसऱ्याचा शिक्का पहिल्याच्या नंतरचाच पडतो. इतक्या अचूकतेसाठी खर्च करावा लागतो आणि प्रत्येक व्यवहाराला थोडं थांबावं लागतं.

ज्यांना अणुघड्याळं परवडत नाहीत, त्यांच्यासाठी २०१४ साली काही संशोधकांनी दोन्हींचा मेळ घातला. शिक्क्याचा मोठा भाग साध्या घड्याळाचा, आणि त्याला चिकटलेला एक छोटा मोजक. निरोप मिळाला की लॅम्पोर्टच्याच नियमानं मोठा घ्यायचा. निरोपावरची वेळ आपल्या घड्याळाच्या पुढची असेल तर तीच धरून मोजक वाढवायचा आणि आपलं घड्याळ तिथवर येईपर्यंत तसंच चालवायचं. पिनकोडच्या गोष्टीत खला १०:००:०५चा निरोप मिळाला असता, तर त्याच्या दुरुस्तीवर १०:००:०३ न पडता १०:००:०५ आणि पुढे मोजकाचा आकडा पडला असता, आणि दुरुस्ती टिकली असती. कॉक्रोचडीबी हा डेटाबेस ही पद्धत वापरतो. तिथे घड्याळांमधल्या फरकाची कमाल मर्यादा, वेगळी सांगितली नसेल तर, अर्धा सेकंद धरलेली आहे. प्रत्येक सर्व्हर इतरांच्या घड्याळांशी आपलं घड्याळ ताडून पाहत असतो, आणि इतरांपैकी किमान निम्म्या सर्व्हरांपासून आपण त्या मर्यादेच्या ८० टक्क्यांपलीकडे, म्हणजे ४०० मिलिसेकंदांहून अधिक दूर गेलो असं दिसलं, की चुकीचे शिक्के मारत राहण्यापेक्षा तो स्वतःहून बंद होतो.